शिल्लक जुळते का?

छत्रपती संभाजीनगरच्या जुन्या मोंढ्यातलं एखादं दुकान डोळ्यांसमोर आणा. १ एप्रिलला गल्ल्यात ५,००० रुपये आहेत. ही आरंभीची शिल्लक. ती वहीत जमेच्या रकान्यात लिहू नका, नाहीतर महिन्याची जमा फुगते. पहिल्या ओळीत थेट शिल्लक रकान्यात मांडा.

पुढे प्रत्येक ओळीत एकच नियम: वरची शिल्लक, अधिक जमा, वजा खर्च. २,००० जमा झाले, शिल्लक ७,०००. मालाचे ३,५०० दिले, उरले ३,५००. पुन्हा १,२०० आले, शिल्लक ४,७००.

आता पडताळा. आरंभीचे ५,००० अधिक एकूण जमा ३,२००, वजा खर्च ३,५००, उत्तर ४,७००. म्हणजे बेरीज-वजाबाकी बरोबर.

पण रक्कम चुकीच्या रकान्यात पडली, तर हा पडताळा ती चूक पकडत नाही. ती चूक रोकड मोजल्यावरच कळते. ६०० रुपयांचा खर्च जमेत लिहिला, तर वहीत १,२०० जास्त दिसतात. फरक दुप्पट पडतो. म्हणून फरक आला की त्याची निम्मी रक्कम आधी वहीत शोधा. आणि रोकड रोज संध्याकाळी मोजा, म्हणजे शोध त्या दिवसाच्या ओळींपुरताच राहील.