एपिसोडचा मजकूर: घरकुलाचे पैसे गेले कुठे? जळगावची फाईल आणि धुळ्याचं कोर्ट

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी विचारलं, की पैशांचा घोटाळा पोलीस शोधतात तरी कसा? खून झाला तर मृतदेह असतो, चोरी झाली तर फुटलेलं कुलूप असतं. इथे काय असतं? तर इथे फाईल असते. आणि आपल्या खान्देशात अशी एक फाईल आहे, जी जळगावात उघडली आणि धुळ्याच्या विशेष न्यायालयात जाऊन थांबली. घरकुल घोटाळा. तुमच्यापैकी अनेकांनी घरी नाव ऐकलं असेल, पण तेव्हा आपण शाळेत होतो, त्यामुळे 'काहीतरी मोठं झालं होतं' एवढंच डोक्यात राहिलंय.

मी वकील नाही, सॉफ्टवेअरवाला आहे. दिवसभर दोन सिस्टिममधले व्यवहार जुळतात का ते बघायचं, हे माझं काम. म्हणून मला या केसमधलं राजकारण कमी आणि हिशोब जास्त रंजक वाटतो.

आधी गोष्ट थोडक्यात. नव्वदच्या दशकाच्या शेवटी जळगाव नगरपालिकेने झोपडपट्टीतल्या लोकांसाठी हजारो घरं बांधायची योजना काढली. पैसा हुडकोकडून कर्जाने आला. काम 'खान्देश बिल्डर्स' नावाच्या फर्मला मिळालं. शहराच्या आजूबाजूच्या नऊ जागा ठरल्या. आरोप असा होता, की या जागा पालिकेच्या मालकीच्या नव्हत्या, बिगरशेतीही झालेल्या नव्हत्या. तरीसुद्धा ठेकेदाराला सुमारे २९ कोटी रुपये आगाऊ दिले गेले, तेही बिनव्याजी. घरं पूर्ण झाली ती दीड हजाराच्या आसपास.

२००३ मध्ये नगरपालिकेची महापालिका झाली. ३ फेब्रुवारी २००६ रोजी तेव्हाचे आयुक्त प्रवीण गेडाम यांनी पोलिसांत फिर्याद दिली. २०१२ मध्ये माजी मंत्री सुरेश जैन यांना अटक झाली. ३१ ऑगस्ट २०१९ रोजी धुळ्याच्या न्यायालयाने ४८ जणांना दोषी ठरवलं. जैन यांना सात वर्षांची शिक्षा आणि १०० कोटींचा दंड, दुसरे माजी मंत्री गुलाबराव देवकर यांना पाच वर्षं. बाकीच्यांत बरेचसे माजी नगरसेवक. या निकालाविरुद्ध उच्च न्यायालयात अपिलं झाली, हेही लक्षात ठेवा.

आता कलमं. यात जी कलमं लागली त्यात ४२० आणि ४०९ ही दोन महत्त्वाची. ४२० म्हणजे फसवणूक, हे सगळ्यांना माहीत आहे, आपण शिवी म्हणूनसुद्धा वापरतो. ४०९ मात्र कुणाला माहीत नसतं. त्याचा अर्थ, सरकारी सेवक, बँकवाला किंवा एजंट यांनी केलेला विश्वासघात. जुलै २०२४ पासून नवीन न्याय संहितेत हेच ३१८(४) आणि ३१६(५) झालंय.

दोघांत फरक काय? समजा मी तुम्हाला सांगितलं की भाऊ, माझ्याकडे मेहरूणला प्लॉट आहे, पाच लाख द्या. प्लॉट नाहीच. माझी नियत पहिल्या दिवसापासून खोटी, ही फसवणूक. पण तुम्ही भिशीचे पैसे माझ्याकडे सांभाळायला दिले, तेव्हा सगळं खरं होतं, आणि नंतर मी त्यातून गाडी घेतली, तर तो विश्वासघात. पैसा हातात आला तेव्हा कायदेशीर होता, वापरला तो बेकायदेशीर. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली रेस क्लबच्या प्रकरणात पुन्हा सांगितलं, की त्याच गोष्टींवर हे दोन्ही गुन्हे एकत्र बसत नाहीत. पोलीस मात्र सवयीने दोन्ही लावतात.

तपासाला हा फरक का लागतो? कारण पुरावा शोधायची जागा बदलते. फसवणुकीत पैसा देण्याच्या आधीचं बघायचं: काय सांगितलं, ते तेव्हाच खोटं होतं का. विश्वासघातात तीन गोष्टी जुळवायच्या. पैसा सोपवला कुणाकडे, कोणत्या अटीवर, आणि प्रत्यक्षात गेला कुठे.

घरकुलासारख्या केसमध्ये पहिल्या दोन गोष्टी पालिकेच्याच कपाटात असतात. सभेचा ठराव, कामाचा आदेश, करारनामा, लेखा विभागाची टिपणी, चेकची नोंद. ठरावाला सूचक कोण, अनुमोदक कोण, हेही लिहिलेलं असतं. नगरसेवक एवढ्या मोठ्या संख्येने आरोपी होतात ते यामुळेच. सभागृहात हात वर करणंसुद्धा कागदावर उतरतं.

इथे आगाऊ रकमेचं गणित समजून घ्या, कारण सगळी मेख त्यात आहे. ठेकेदाराला काम सुरू करायला उचल देणं हा गुन्हा नाही. मशीन आणायची, मजूर लावायचे, त्याला पैसा लागतो. पण साधारण पद्धत अशी, की कामाच्या रकमेच्या ठरावीक टक्केच द्यायचे, बऱ्याचदा दहा. त्यावर बँक गॅरंटी घ्यायची. आणि पुढे जसजशी बिलं येतील तसतशी त्यातून उचल कापून घ्यायची. बिल कशावरून बनतं? मोजमाप पुस्तकावरून. सरकारी कामात त्याला एम.बी. म्हणतात. अभियंता साइटवर जाऊन किती पाया खोदला, किती भिंत उठली ते त्यात लिहितो.

म्हणजे दोन तारखांच्या रांगा झाल्या. एकीकडे पैसा कधी गेला, दुसरीकडे काम कधी झालं. या रांगा शेजारी ठेवल्या की खोट दिसायला लागते. पहिली उचल कापली जायच्या आधीच दुसरी दिली? जागा ताब्यात नाही, एम.बी. कोरं, आणि चेक निघाला? करारात व्याज होतं, ते नंतरच्या ठरावाने गेलं? यातल्या एकेका गोष्टीला स्पष्टीकरण असू शकतं. सगळ्यांची तारीख एकाच बाजूला झुकली, की तपास अधिकारी सरळ बसतो.

आता तिसरी गोष्ट, पैसा गेला कुठे. यातले आकडे माझे आहेत, समजावण्यापुरते. घरकुलाच्या केसमधले नाहीत. ठेकेदाराच्या खात्यात आधीचे २० लाख आहेत. ५ एप्रिलला पालिकेची १ कोटीची उचल जमा झाली. ६ तारखेला ४० लाख एका फर्मला गेले, ८ ला ३० लाख रोख काढले, १२ ला २५ लाख सिमेंटवाल्याला. शिल्लक २५ लाख. १५ ला दुसऱ्या कुठल्यातरी कामाचे ५० लाख आले. २० ला ६० लाखांचा प्लॉट घेतला. विचारा, प्लॉटमध्ये पालिकेचे किती?

घाईत माणूस म्हणेल, सगळे ६०. पण ते टिकत नाही. १५ तारखेच्या आधी खातं २५ लाखांवर आलं होतं. म्हणजे पालिकेचा जुना पैसा त्यात जास्तीत जास्त २५ लाखच उरलेला असू शकतो. बाकीचे ३५ नव्या पैशातले. पैशाला रंग नसतो ना, एकदा मिसळला की मिसळला. म्हणून मधल्या काळातली सगळ्यात कमी शिल्लक बघायची. बचाव पक्षाचा वकील नेमकी हीच जागा पकडतो.

मग उरलेल्यांकडे वळायचं. सिमेंटचे २५ लाख खरे का? चलन, वजनकाट्याची पावती, साइटवरचा स्टॉक बघा. आणि ते ४० लाखवाली फर्म? तिचं पॅन कुणाचं, भागीदार कोण, पत्ता कुठला. तिच्या खात्यातून दुसऱ्याच दिवशी ३८ लाख पुढे गेले आणि तिसऱ्या उडीत ते ठराव मंजूर करणाऱ्याच्या घरच्या खात्यात पोचले, तर साखळी पूर्ण झाली. तो म्हणेल, अहो ती जुनी उसनवारी होती. असू शकते. मग त्या उसनवारीची नोंद मागच्या वर्षीच्या ताळेबंदात आहे का? व्याज कधी दिलं होतं का? आयकर विवरणात दिसते का? खरी उसनवारी आधीपासून कागदावर असते, बनवलेली उसनवारी चौकशी सुरू झाल्यावर जन्माला येते.

रोख काढलेले ३० लाख मात्र तिथेच संपतात. खात्याची साखळी एटीएमच्या किंवा कॅशियरच्या खिडकीशी तुटते. पुढे साक्षीदार मिळाला तर ठीक. पण ४०९ मध्ये इथे कायदा मदतीला येतो. १९६० मध्ये मुंबईच्या एका कापड रंगवणाऱ्या गिरणीच्या खटल्यात, जयकृष्णदास देसाईंच्या, सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं होतं, की माल सोपवला होता हे सिद्ध झालं आणि त्याचा हिशोब देता आला नाही किंवा दिलेलं कारण खोटं निघालं, तर माल नेमका कसा गिळला हे फिर्यादी पक्षाने दाखवलंच पाहिजे असं नाही. अप्रामाणिक हेतूचा निष्कर्ष त्यावरून काढता येतो. नुसता हिशोब चुकला म्हणून मात्र नाही, हेतू लागतोच.

हे सगळं करायला कागद जिवंत हवेत. बँकांनी काही नोंदी पाच वर्षं आणि काही आठ वर्षं जपायच्या असा १९८५चा नियम आहे. म्हणून उशिरा फिर्याद झाली की तपास अधिकाऱ्याचं पहिलं पत्र बँकेला जायला हवं: हे खातं, ही वर्षं, काही नष्ट करू नका. आणि उतारा नुसता प्रिंट काढून चालत नाही, त्यावर कायद्याने लागणारं बँकेचं प्रमाणपत्र हवं. ते नसेल तर चांगला पुरावाही कोर्टात अडकतो.

दुसरं घड्याळ अटकेनंतर सुरू होतं. अशा गुन्ह्यात ९० दिवसांत आरोपपत्र आलं नाही, तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो. आरोपपत्र मुदतीत आलं होतं, पण जैन यांच्या बाजूने मुद्दा निघाला, की खटल्याला लागणारी सरकारची मंजुरी आलेलीच नाही, मग ते पूर्ण कसं? फेब्रुवारी २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे नाकारलं. तपास करून आरोपपत्र मुदतीत दाखल झालं की पुरे, मंजुरी हा त्यानंतरचा टप्पा. आज देशभर जामिनाच्या अर्जांमध्ये हा जळगावचा निकाल दाखवला जातो.

एक गोष्ट लोक गृहीत धरतात, की दंड ठोठावला म्हणजे शहराचे पैसे परत आले. तसं नसतं. फौजदारी दंड आणि हुडकोचं कर्ज ही दोन वेगळी खाती आहेत. कर्ज महापालिकेच्या नावावर होतं, ते महापालिकेलाच फेडायचं होतं. कर्जवसुलीच्या कारवाईत जळगाव महापालिकेची बँक खाती गोठवली गेली होती. फिर्याद देणारी संस्था आणि कर्जाच्या व्याजाखाली दबलेली संस्था एकच होती.