बिननामांकनाचं खातं आणि आईची सही

राऊ गावातलंच एक कल्पित घर धरू. कर्ता पुरुष गेला. मागे पत्नी, पुण्यात नोकरी करणारा मुलगा, देवासला दिलेली मुलगी आणि वृद्ध आई. सरकारी बँकेत एकट्याच्या नावावर बचत खातं आणि एफडी मिळून अकरा लाख. नॉमिनी नाही, मृत्युपत्र नाही, वारसांत भांडणही नाही.

लोक लगेच म्हणतात, 'कोर्टात जावं लागणार.' दर वेळी नाही. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर 2025 च्या निर्देशांनुसार व्यापारी बँकेत 15 लाखांपर्यंत आणि सहकारी बँकेत 5 लाखांपर्यंतचा दावा साध्या कागदांवर निकाली काढायचा असतो. मर्यादा प्रत्येक बँकेची वेगळी मोजतात. म्हणून आपले अकरा लाख साध्या वाटेने मिळतील. हीच रक्कम सहकारी बँकेत असती, तर उत्तराधिकार प्रमाणपत्राचा विषय निघाला असता.

कागद कोणते? दाव्याचा अर्ज, मृत्यूचा दाखला, दावेदारांची ओळखपत्रं, नुकसानभरपाईचं हमीपत्र आणि जे वारस पैसे घेणार नाहीत त्यांचं नाहरकत पत्र. वारस कोण, हे सांगायला सक्षम अधिकाऱ्याचा वारस दाखला लागतो. तो नसेल, तर कुटुंबाला चांगलं ओळखणाऱ्या पण नात्यात नसलेल्या आणि बँकेला मान्य असलेल्या माणसाचं शपथपत्र चालतं. शेजारचे निवृत्त मास्तर चालतील, मेहुणे नाही. या मर्यादेत तिसऱ्या माणसाचा जामीन बँकेने मागायचा नाही.

गाडी अडते ती बहुधा आईपाशी. घरचे यादीत पत्नी आणि मुलं लिहितात. सासूबाई राहूनच जातात. पण 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यात पुरुषाची आई पहिल्या वर्गातली वारस आहे. म्हणजे चौघांचे चार समान हिस्से, प्रत्येकी पावणेतीन लाख. वडील हयात असते तरी पहिल्या वर्गात आले नसते, हेही पुष्कळांना ठाऊक नसतं.

आता समजा, कागद जमवण्यात चार महिने गेले आणि त्यात आजीही गेल्या. त्यांचा हिस्सा विरत नाही. त्यांचं मृत्युपत्र नसेल तर तो त्यांच्या हयात मुलामुलींकडे आणि गेलेल्या मुलाच्या मुलांकडे जातो. सुनेकडे मात्र नाही. म्हणजे कालपर्यंत चार सह्यांचं काम होतं, आता दीर आणि नणंदांच्याही लागतात. त्यातली एखादी नणंद रुसलेली असेल, तर वाद झालाच, आणि वाद झाला की साधी वाट बंद. मग जिल्हा न्यायालयातून 1925 च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याखाली प्रमाणपत्र आणावं लागतं. म्हणून आजी धडधाकट असतानाच त्यांना दावेदार करा, किंवा त्यांच्या मर्जीने नाहरकत घ्या. मर्जीने म्हणतोय, अंगठा धरून नव्हे.

तोवर एटीएमचा पिन घरात कुणाला माहीत आहे म्हणून पैसे काढू नका. उरलेल्या वारसांचे हिस्सेही त्यात असतात.

अर्ज देताना तारखेची पोच मागा. सगळे कागद पोचल्यापासून 15 दिवसांत बँकेने निकाल द्यायचा असतो. तिच्यामुळे उशीर झाला, तर बँक रेटवर 4 टक्के जादा धरून व्याज द्यावं लागतं.