लाईट बिलावरचं नाव आणि घरावरचा हक्क

आज आपण एका साध्या अर्जाबद्दल बोलणार आहोत. आई-वडील किंवा नवरा गेल्यावर फ्लॅट वारसांकडे येतो, पण लाईटचं बिल पुढे कितीतरी वर्षं गेलेल्या माणसाच्याच नावानं येत राहतं. ते नाव बदलून घ्यायचं तर महावितरणला काय लिहायचं, आणि त्यासाठी घरातल्यांनी कुठल्या कागदावर सही करायची, कुठल्या नाही, ते आज सांगते.

एक उदाहरण धरून चालू. समजा, अहमदपुरात एका ताईच्या वडिलांनी स्वतःच्या कमाईतून फ्लॅट घेतला. आई आधीच गेलेली. ताई वडिलांजवळ राहून त्यांचं करत होती. भाऊ पुण्याला, धाकटी बहीण नांदेडला. वडील मृत्युपत्र न करता वारले. म्हणजे हिंदू वारसा कायद्यानं तिघांचा हिस्सा सारखा. घरात राहते ताई, बिल भरते ताई, पण बिलाचा मेसेज जातो वडिलांच्या बंद पडलेल्या मोबाइलवर. थकबाकीची सूचनाही तिथंच जाणार. म्हणून ताईला नाव बदलायचंय.

अर्जाला बसण्याआधी हातात एक जुनं बिल घ्या. त्यावर बारा अंकी ग्राहक क्रमांक असतो, चार अंकी बिलिंग युनिट असतं, मीटर क्रमांक असतो आणि ‘सुरक्षा ठेव जमा’ असा एक आकडा असतो. हा ठेवीचा आकडा बहुतेक जणी बघतच नाहीत. जोडणी घेताना वडिलांनी भरलेले ते पैसे आहेत. त्यावर महावितरण दरवर्षी व्याज देते. म्हणजे ती वडिलांची मागं राहिलेली रक्कम आहे आणि तिच्यावर तिन्ही वारसांचा हक्क आहे. बाकीच्या वारसांची संमती का मागतात, ते इथं कळतं. संमती असली की जुनी ठेव नव्या नावावर वळवता येते. नसली तर नव्यानं ठेव भरायला सांगू शकतात.

दुसरी बघायची गोष्ट म्हणजे थकबाकी. समजा, वडील दवाखान्यात असताना बिल राहिलं आणि २,४०० रुपये बाकी दिसतात. ‘ते बिल त्यांचं होतं, माझं नाही’ असं वारसाला म्हणता येत नाही. फ्लॅट विकत घेणाऱ्या परक्या माणसावर आधीच्या मालकाची जास्तीत जास्त सहा महिन्यांची बाकी येते. वारसाला ही सवलत नाही, त्याच्यावर सगळी बाकी येते. म्हणून आधी बाकी भरा, पावती अर्जाला जोडा. त्याच दिवशी मीटरच्या आकड्याचा फोटोही काढून ठेवा.

आता अर्ज. महावितरणचा छापील फॉर्म कार्यालयात मिळतो, ऑनलाइनही अर्ज करता येतो. पण सोबत स्वतःचं पत्र असलं की काय मागितलं हे कागदावर राहतं. आपल्या ताईचं पत्र असं होईल, सावकाश वाचते:

‘प्रति, उपकार्यकारी अभियंता, महावितरण, अहमदपूर. विषय: ग्राहकाच्या मृत्यूमुळे वीजबिलावरील नाव बदलण्याबाबत. ग्राहक क्रमांक अमुक, बिलिंग युनिट अमुक, मीटर क्रमांक अमुक. महोदय, वरील घरगुती जोडणी माझे वडील अमुक यांच्या नावे आहे. त्यांचे अमुक तारखेला निधन झाले. माझी आई त्यांच्या आधी वारली आहे. मी, माझा भाऊ व माझी बहीण असे आम्ही तीन वारस आहोत. सध्या या फ्लॅटमध्ये मी राहते. तरी जोडणी माझ्या नावे करावी, वडिलांच्या नावे जमा असलेली सुरक्षा ठेव माझ्या नावे वळवावी आणि माझा मोबाइल क्रमांक नोंदवावा. आजपर्यंतचे बिल भरले असून पावती जोडली आहे. भाऊ व बहीण यांची संमतिपत्रे जोडली आहेत.’ खाली सही, तारीख, पत्ता.

पत्र एवढंच. आता सोबतचे कागद. वडिलांचं मृत्यू प्रमाणपत्र. फ्लॅट वडिलांचा होता हे दाखवणारा कागद, म्हणजे खरेदीखत किंवा घरपट्टीची पावती. ताई त्यांची मुलगी आहे हे दाखवणारा कागद. लग्नानंतर नाव बदललेलं असेल तर इथंच अडतं. आधार कार्डावर नवऱ्याचं नाव, शाळेच्या दाखल्यावर वडिलांचं. तेव्हा दोन्ही जोडा, आणि दोन्ही नावं एकाच बाईची आहेत असं प्रतिज्ञापत्र द्या. कागद तपासणाऱ्याला तीन गोष्टी जुळलेल्या दिसल्या पाहिजेत: घर वडिलांचं, ही त्यांची मुलगी, आणि बाकीच्यांची हरकत नाही.

आता जरा कान देऊन ऐका. वरची गोष्ट उलटी करून बघा. अर्ज भाऊ करतोय आणि नांदेडच्या बहिणीला म्हणतोय, ‘लाईट बिलासाठी सही पाहिजे, ये.’ भावाचा शब्द, बहीण कशाला वाचत बसते? पण संमतिपत्र वेगळं आणि हक्कसोडपत्र वेगळं. बिलाच्या संमतिपत्रात फक्त वीजजोडणीचं नाव आणि ठेव यांचा उल्लेख पुरतो. त्यात ‘मिळकत’, ‘हिस्सा’, ‘हक्क सोडत आहे’, ‘यापुढे माझा काही संबंध राहिला नाही’ असे शब्द आले, तर तो कागद बिलाचा नाही.

आणखी एक खूण सांगते. घरातला हिस्सा सोडायचा तर दस्ताची नोंदणी लागते. ती दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात होते. तिथं फोटो काढतात, अंगठा घेतात, साक्षीदार लागतात. लाईट बिलाचं नाव बदलायला तिथं जावंच लागत नाही. तेव्हा कुणी ‘बिलासाठी’ म्हणून रजिस्ट्री ऑफिसला नेत असेल, तर पायरीवरच थांबा आणि कागद वाचून घ्या. हिस्सा सोडायचा की नाही हा तुमचा निर्णय आहे, पण तो बिलाच्या नावाखाली होऊ नये.

संमतिपत्रात स्वतः एक ओळ घालून घ्या: ‘ही संमती फक्त वीजजोडणीच्या नावापुरती आहे. फ्लॅटमधील माझा वारसा हिस्सा कायम आहे.’ अशी ओळ घातल्यानं बिलाचं काम अडायचं कारण नाही. कारण बिलावर नाव आलं म्हणून कुणी घराचा मालक होत नाही. बिल फक्त वीज कोण वापरतं आणि पैसे कोण भरतं, एवढंच सांगतं. हे भावाला जसं लागू, तसं आपल्या ताईलाही लागू. बिल तिच्या नावावर आलं तरी फ्लॅटचे हिस्से तीनच राहतात.

अर्ज देताना दोन प्रती न्या. एक द्या, दुसरीवर शिक्का, तारीख आणि सही घ्या. शुल्क भरल्याची पावती जपून ठेवा. कागद पुरे असतील तर दुसऱ्या बिलापर्यंत नाव बदललेलं दिसायला हवं. नाही दिसलं तर १९१२ या क्रमांकावर तक्रार नोंदवा आणि तक्रारीचा नंबर त्याच प्रतीवर लिहून ठेवा. तरीही काम झालं नाही, तर ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे जाता येतं. तिथं पहिल्यांदा मागतात ती शिक्का मारलेली पोच.

आणि नवीन बिल हातात आलं की नुसतं नाव बघून ठेवून देऊ नका. ‘सुरक्षा ठेव जमा’ या जागी जुना आकडा आलाय का, तेही बघा. तिथं शून्य असेल तर नाव बदललं, पण वडिलांचे पैसे वळायचे राहिलेत. त्यासाठी तीच पोच घेऊन परत एकदा कार्यालयात जा.