तापमापक खरे का सांगतो?



वैशाखात पारा ४५ अंशांवर गेला, हे वाक्य खानदेशात कोणालाही नवे नाही. पण या वाक्याचा शब्दशः अर्थ लावला तर काय निघतो? काचेच्या बारीक नळीतला पारा फुगला आणि ४५ या खुणेपर्यंत चढला, एवढेच. ही तर पाऱ्याची स्वतःची हकीकत झाली. तिच्यावरून आपण हवेविषयी, ज्वराने फणफणलेल्या मुलाविषयी किंवा बॉयलरमधील वाफेविषयी बोलू लागतो. हा अधिकार आपल्याला कोणी दिला? आज आम्ही याच प्रश्नाचा विचार करणार आहोत.

प्रथम आपला हात काय सांगतो ते पाहू. माजघरात लोखंडी पहार आणि लाकडी पाट रात्रभर शेजारी पडून आहेत. थंडीच्या दिवसांत पहाटे पहारीला हात लावला तर ती गार लागते, पाट तितका गार लागत नाही. तीच पहार मे महिन्याच्या दुपारी, सावलीत असूनही, पाटापेक्षा अधिक तापलेली वाटते. वस्तुतः दोन्ही वेळा पहार आणि पाट यांचे तापमान सारखेच असते. लोखंड उष्णता झपाट्याने नेते आणि आणते, लाकूड सावकाश. हाताला कळतो तो उष्णतेच्या येण्याजाण्याचा वेग; तापमान नव्हे. म्हणून हाताची साक्ष ग्राह्य धरता येत नाही.

मग विश्वास कशावर ठेवावा? तापलेल्या दुधाचे पातेले थंड पाण्याच्या परातीत ठेवले की दूध निवते आणि पाणी कोमट होते. पुरेसा वेळ गेला आणि बाहेरच्या हवेची ढवळाढवळ नसली, तर शेवटी दोघांतही काही बदल होईनासा होतो. या स्थितीला उष्णतेचा समतोल म्हणतात. दोन वस्तू एकमेकींना लावल्या आणि त्यांच्यात उष्णतेची देवघेव झाली नाही, तर त्या समतोलात आहेत. या व्याख्येत अंश नाहीत, पारा नाही, की तापमान हा शब्दही नाही.

आता नियम ऐका. पहिली वस्तू तिसरीशी समतोलात असेल आणि दुसरी वस्तूही त्याच तिसरीशी समतोलात असेल, तर पहिली आणि दुसरी एकमेकींशी समतोलात असतात. मग त्यांची गाठ पडलेली असो वा नसो. हाच उष्मागतिशास्त्राचा शून्यावा नियम.

कोणी म्हणेल, यात सांगण्यासारखे ते काय? हे तर उघडच आहे! पण तसे ते नाही. एका गृहस्थांची दोघांशी ओळख असली, म्हणून त्या दोघांची आपसांत ओळख असतेच असे नाही. चुंबक दोन साध्या खिळ्यांना ओढतो. पण चुंबक दूर केला तर ते खिळे एकमेकांना ओढत नाहीत. म्हणजे तिसऱ्याच्या मध्यस्थीने जुळणारे नाते हे तर्काने आपोआप सिद्ध होत नाही. उष्णतेच्या बाबतीत ते जुळते, हे अनुभवाने ठरलेले सत्य आहे.

ते जुळते म्हणूनच वस्तूंचे गट पाडता येतात. परस्परांशी समतोलात असणाऱ्या सगळ्या वस्तू एका गटात, आणि त्या गटाला जी एक समाईक खूण द्यायची, तिचे नाव तापमान. तापमापक म्हणजे या नियमातली तिसरी वस्तू. आज एका भांड्यात बुडवला, उद्या दुसऱ्यात बुडवला, आणि पारा त्याच खुणेवर थांबला, तर ती दोन भांडी न भेटताही एकाच तापमानाची ठरली.

आपल्या दीपनगरच्या वीजकेंद्राचेच उदाहरण घ्या. अशा केंद्रांत टर्बाइनकडे जाणारी वाफ सुमारे ५४० अंशांची असते. ती फार वर गेली तर नळ्यांचे पोलाद हळूहळू ताणत जाऊन त्यांचे आयुष्य घटते, आणि खाली आली तर त्याच कोळशात वीज कमी निघते. म्हणून ते माप चुकून चालत नाही. तरीही मापणारे थर्मोकपल, म्हणजे दोन निराळ्या धातूंच्या टोकाशी जोडलेल्या तारा, वाफेला शिवतही नाही. वाफेच्या नळात एक बंद पोलादी म्यान बसवलेली असते, तिला थर्मोवेल म्हणतात. तिच्या तळाला ते टेकलेले असते. वाफ आणि म्यान समतोलात, म्यान आणि तारा समतोलात. शिवाय ते थर्मोकपल आधी प्रयोगशाळेत एका प्रमाण तापमापकाशी ताडून पाहिलेले असते, आणि अशा प्रमाणांची साखळी आपल्या देशात दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेपर्यंत जाते. दिल्लीची उपकरणे आणि येथली वाफ यांची भेट कधीच होत नाही. ती साखळी धरून ठेवणारा नियम हाच.

पण समतोल साधला नाही तर नियम आपल्याला काहीही देत नाही. एक हिशेब करू. एक तापमापक स्वतः तापायला २ ग्रॅम पाण्याइतकी उष्णता घेतो आणि तो ३० अंशांवर आहे असे समजा. तो ६० अंशांच्या १०० ग्रॅम पाण्यात बुडवला तर दोघांचा समतोल ५९.४ अंशांवर होतो, चूक क्षुल्लक. तोच ६० अंशांच्या केवळ ४ ग्रॅम पाण्यात बुडवला तर समतोल ५० अंशांवर होतो! तापमापक खोटे बोललेला नाही. पाणी आता खरेच ५० अंशांवर आहे. मापता मापता आपणच ते निववले. म्हणून लहान वस्तूला लहान तापमापक लागतो.

याहून फसवी गोष्ट उन्हातली. उन्हात टांगलेल्या तापमापकाचा पारा चढतो आणि एका जागी स्थिर राहतो. स्थिर झाला म्हणजे समतोल झाला, असे मात्र नव्हे. सूर्याकडून उष्णता येते आहे आणि तितकीच हवेला दिली जाते आहे. प्रवाह चालूच आहे. म्हणूनच वेधशाळेचे तापमापक झडपांच्या पांढऱ्या पेटीत, सावलीत आणि खेळत्या हवेत ठेवतात. वाफेच्या म्यानेचेही तसेच. ती आखूड असली किंवा बाहेरचे उष्णतारोधक वेष्टन निघाले, तर म्यानेवाटे उष्णता बाहेर वाहते आणि आकडा स्थिर पण कमी दिसतो. हे ओळखावे कसे? दोन तापमापक शेजारी टांगावे, एकाचा फुगा काजळी लावून काळा करावा. दोघे निरनिराळे आकडे सांगू लागले तर समजावे की ते हवेविषयी बोलत नाहीत, उन्हाविषयी बोलत आहेत.

या नियमाची मर्यादाही सांगितली पाहिजे. तो फक्त ‘सारखे की वेगळे’ एवढेच सांगतो. अधिक तापलेले कोण, हे उष्णता कोणीकडून कोणीकडे वाहते त्यावरून ठरते. आणि एक अंश म्हणजे किती, हे माणसांनी संकेताने ठरवायचे असते.

राहता राहिले नाव. हे तथ्य मॅक्सवेलने आपल्या १८७१ च्या उष्णतेवरील ग्रंथात मांडले होते. पण तोवर पहिला आणि दुसरा हे क्रमांक इतर नियमांना देऊन झाले होते. मेघनाद साहा आणि श्रीवास्तव यांच्या उष्णतेवरील ग्रंथाची चर्चा करताना इंग्लंडमधील फाउलर यांनी ‘शून्यावा’ हे नाव सुचवले, अशी नोंद जर्मन शास्त्रज्ञ झोमरफेल्ड यांनी केली आहे. पहिला नियम उष्णतेचा हिशेब ठेवतो, दुसरा तिची दिशा सांगतो. पण दोघांनाही तापमान मोजता येते हे आधी गृहीत धरावे लागते. पायरी खालची म्हणून आकडाही एकाखालचा.