आजीचा इमोजी: डोळे नको, तोंड बघ

आज बोलूया घरातल्या नव्या स्मार्टफोनवाल्यांबद्दल, म्हणजे आपल्या आजी-आजोबांबद्दल. फोन घेऊन देणं सोपं असतं. ‘यातलं कुठलं चित्र कधी पाठवायचं गं?’ याचं उत्तर देणं अवघड.

माझी आजी वाईला असते. तिच्या भजनी मंडळाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. मागच्या वर्षी त्यातल्या एका काकूंचे यजमान गेले. काकूंनी स्वतःच ग्रुपवर कळवलं. आजीने त्या मेसेजवर बोट दाबून धरलं. वर सहा चिन्हं आली: 👍 ❤️ 😂 😮 😢 🙏. तिला डोळ्यांत पाणी असलेला चेहरा हवा होता. तिने पहिला तसा दिसला तो निवडला. म्हणजे तिसरा, 😂.

तिचं काय चुकलं सांगा? पाणी दोन्ही चेहऱ्यांवर आहे. छोट्या स्क्रीनवर, चष्म्यातून, तिला पाणीच दिसलं. आपल्याला ‘हसून हसून डोळ्यांतून पाणी’ हा अर्थ पाठ झालाय, तिला तो कुणी सांगितलाच नव्हता.

काकूंनी तिला काही विचारलं नाही, पण दोन दिवस फोनही घेतला नाही. तेव्हा आजीने मला फोन लावला.

मी आधी ती रिअ‍ॅक्शन काढायला लावली. मेसेजखालच्या त्या छोट्या चिन्हावर टॅप करायचं, मग आपल्या नावाच्या ओळीवर पुन्हा टॅप करायचं, ते निघून जातं. पण ज्यांचा मेसेज असतो त्यांना नोटिफिकेशन आधीच गेलेलं असू शकतं. म्हणून आजी काकूंच्या घरी गेली आणि फोन दाखवून काय झालं ते सांगितलं. बटण दाबून एवढं भरून निघत नाही.

त्यानंतर आम्ही शिकवणी घेतली. नियम एकच: डोळे नको, तोंड बघ. 😂 मध्ये तोंडाचे कोपरे वर आहेत, दात दिसतात. 😢 मध्ये तोंड खाली वळलंय आणि एकच थेंब आहे. 😪 हा रडत नाहीये, त्याला झोप आलीये. आणि 😭? त्याचं तोंड उघडं आहे, त्यामुळे लहान आकारात तो 😂 सारखाच वाटतो. तो आम्ही तिच्या यादीतून काढूनच टाकला.

दुःखाच्या बातमीला चेहरा नकोच, हेही ठरवलं. तिथे फक्त 🙏. नमस्कार, आभार, सांत्वन, तिच्या पिढीत हात जोडणं सगळीकडे चालतं. 💐 मात्र जपून. आपल्याकडे तो वाढदिवसालाही जातो आणि श्रद्धांजलीलाही, म्हणून सोबत दोन शब्द लिहायचे.

आता स्टिकर. इथला फरक तिला सगळ्यात उशिरा कळला. इमोजी लिहायच्या चौकटीत थांबतो, बाण दाबला की जातो. स्टिकरला हात लागला की तो गेलाच! म्हणून सराव स्वतःच्याच चॅटवर केला. कॉन्टॅक्टच्या यादीत आपलंच नाव ‘(You)’ असं दिसतं, तिथे काहीही पाठवा, कुणाला जात नाही. चुकून दुसऱ्याला गेलंच, तर दाबून धरायचं, डिलीट, आणि ‘Delete for everyone’. ‘Delete for me’ दाबलं तर फक्त आपल्याकडून जातं, समोरच्याकडे तसंच राहतं. आणि ही सोय साधारण अडीच दिवसच.

संक्रांतीला कुणी छान तिळगुळाचा स्टिकर पाठवला, की त्यावर टॅप करून फेव्हरिट्समध्ये टाकायचा. आजीच्या फेव्हरिट्समध्ये आता सातच आहेत: सुप्रभात, वाढदिवस, संक्रांत, पाडवा, गणपती, दिवाळी आणि ‘जेवलीस का’. पाठवण्याआधी ती त्यावरचा मजकूर मोठ्याने वाचते. पाडव्याला दिवाळीच्या शुभेच्छा जाणं त्याने थांबलं.

पण शिकवणी एकतर्फी नव्हती. माझा भाऊ मित्रांमध्ये हसण्यासाठी 😭 वापरतो. निकालाच्या दिवशी त्याने फॅमिली ग्रुपवर टाकलं, ‘पास झालो 😭’. आजी घाबरली, विषय राहिला की काय! आणि तिचं नुसतं 👍 आलं की त्याला वाटायचं, आजी रागावली. तिच्या लेखी त्याचा अर्थ होता, ‘वाचलं रे, बरं झालं.’

तेव्हा आज एक करा. आजीला किंवा आजोबांना तुमच्या नेहमीच्या पाच इमोजी दाखवा आणि विचारा, ‘तुला याचा काय अर्थ वाटतो?’ आधी त्यांचं ऐका, मग तुमचं सांगा. उत्तरं आम्हाला व्हॉइस नोटवर पाठवा. भेटूया पुढच्या भागात!