नोटीस बोर्डावरच्या तीन ओळी : संप, पगार आणि बाबांची भट्टी

आजचा भाग जरा घरचा आहे. मी दिवसभर कोड लिहितो, कामगार कायद्याशी माझा संबंध फक्त ऑफर लेटरपुरता होता. पण एका रविवारी रात्री बाबांनी व्हॉट्सॲपवर एक फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, "वाच आणि सांग, किती कापणार?"

बाबा चाकणच्या बाजूला एका डाय कास्टिंग कारखान्यात फर्नेस ऑपरेटर आहेत. ॲल्युमिनियम वितळवून गाड्यांचे भाग ओततात तो कारखाना. वेतनकरार संपून बरेच महिने झाले होते, नवा होत नव्हता. युनियननं ३ तारखेला संपाची नोटीस दिली होती आणि १८ पासून संप म्हटलं होतं. फोटो होता कंपनीच्या उत्तराचा, म्हणजे कामगारांसाठी गेटवर लावलेल्या नोटिशीचा. मजकूर तीनच ओळींचा : संपावर गेल्यास आठ दिवसांचं वेतन कापण्यात येईल. अत्यावश्यक सेवा सुरू राहतील. शंका असल्यास एचआरशी संपर्क साधावा.

आमच्याकडे सर्व्हर दोन तास बंद ठेवायचा असला तरी कधीपासून, काय चालू राहील, कोणाला फोन करायचा हे सगळं लिहून पाठवतो. इथे घराचा हप्ता अडकलाय आणि तीन ओळी! मग मी आणि युनियनचे सेक्रेटरी, ज्यांना आम्ही अण्णाच म्हणतो, आम्ही एकेक ओळ घेऊन बसलो.

आधी मुळात संप कायदेशीर आहे का, ते. कारण पगाराचं उत्तर त्यावर ठरतं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता, २०२० लागू झाली. तिच्या कलम ६२ प्रमाणे संपाआधी नोटीस द्यावी लागते आणि ती दिल्यापासून चौदा दिवस संप करता येत नाही. नोटीस दिल्यापासून साठ दिवसांच्या आत संप झाला तरच ती चालते. मालकाला टाळेबंदी करायची असेल तरी हाच नियम. महाराष्ट्रातल्या जुन्या लोकांना चौदा दिवस नवे नाहीत, इथल्या १९७१ च्या कायद्यातही ते होते. तर ३ तारखेला नोटीस, १७ ला चौदा दिवस पूर्ण, १८ ला संप. गणित बरोबर.

पण एक गोष्ट अण्णांनाही बोचत होती. त्याच कलमात लिहिलंय की समेट अधिकाऱ्यापुढे कार्यवाही चालू असताना आणि ती संपल्यावर सात दिवस संप करता येत नाही. आणि कार्यवाही सुरू झाली कधी धरायची? तर समेट अधिकाऱ्यानं पहिली बैठक घेतली त्या दिवशी. पुण्याच्या कामगार आयुक्त कार्यालयातून ११ तारखेच्या बैठकीचं पत्र आलं होतं. म्हणजे ११ ला सगळे टेबलावर बसले की १८ चा संप, ३ तारखेला सगळं नीट केलेलं असूनही, बेकायदेशीर ठरला असता. बेकायदेशीर संपात कामगाराला हजार ते दहा हजार रुपये दंड किंवा महिन्यापर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. म्हणून नोटिशीत "संप कायदेशीर आहे" किंवा "नाही" एवढं लिहून भागत नाही. कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत, ते लिहावं लागतं. अण्णांनी १८ तारीख मागे घेतली. काही पोरं चिडली, पण तारखा फळ्यावर लिहून दाखवल्या तेव्हा शांत झाली.

आता बाबांचा प्रश्न. किती कापणार?

आठ दिवसांचा आकडा कंपनीनं हवेतून आणला नव्हता. वेतन संहितेत तो आहे. दहा किंवा जास्त लोक ठरवून, करारात सांगितलेली पूर्वसूचना न देता आणि वाजवी कारण नसताना गैरहजर राहिले, आणि सूचनेऐवजी पैसे देण्याची अट त्यांच्या नोकरीच्या करारातच असेल, तर आठ दिवसांच्या वेतनापर्यंत कपात होऊ शकते. मोजा किती अटी आहेत. आमच्या युनियननं रीतसर नोटीस दिली होती, पोच घेतली होती. मग ती ओळ इथे लागूच होत नाही. नियमाचा शेवटचा आकडा उचलला आणि अटी सोडून दिल्या, की नोटिशीची धमकी होते.

मग लागू काय होतं? जितके दिवस काम नाही तितक्या दिवसांचा पगार नाही. आणि त्यालाही माप आहे. त्या महिन्यात जितके दिवस कामावर येणं अपेक्षित होतं, त्याच्या प्रमाणातच कपात. बाबांचा पगार धरा ३१,२०० रुपये. कामाचे दिवस २६. एका दिवसाचे झाले १,२०० रुपये. दोन दिवस संप म्हणजे २,४०० रुपये, आठ दिवस म्हणजे ९,६००. हा फरक म्हणजे आमच्या घरी महिन्याचा किराणा आणि गॅस. काही ठिकाणी तीसनं भागतात, मग दिवसाचे १,०४० होतात. म्हणून भागाकार कशानं केला, तेही नोटिशीत हवं.

अण्णांच्या मनात एक युक्ती होती. "पूर्ण दिवस कशाला, चार तास बसू, अर्धाच पगार जाईल." नेमकं हेच मुंबईत घडलंय. २९ डिसेंबर १९७७ ला बँक ऑफ इंडियाच्या कर्मचाऱ्यांनी चार तासांचा संप केला आणि नंतर कामावर आले. बँकेनं आधीच परिपत्रक काढून सांगितलं होतं की पूर्ण दिवसाचा पगार कापू. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९९० मध्ये निकाल लागला. संप कायदेशीर असो वा नसो, पगार कापता येतो. पण फक्त तेवढ्या तासांचा की जास्त, हे त्या त्या ठिकाणच्या परिस्थितीवर ठरेल. उरलेल्या वेळात काम होतं का, ते झालं का, मालकानं ते स्वीकारलं का, हे बघायचं. पुढे १९९४ मध्ये पाच न्यायाधीशांनी सांगितलं की संपाच्या काळाचं वेतन मागायचं असेल तर संप कायदेशीर हवा आणि न्याय्यही हवा. एक असून चालत नाही.

डाय कास्टिंगमध्ये मशीन तापून पहिले चांगले भाग पडायलाच वेळ जातो. चार तास बसलो तर कंपनी म्हणणार, उरलेल्या चार तासांत काही निघालंच नाही. अण्णांनी युक्ती सोडली.

आता दुसरी ओळ. अत्यावश्यक सेवा सुरू राहतील. कोण सुरू ठेवणार? खरा पेच इथे होता, कारण ते "कोण" म्हणजे माझे बाबा. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं. भट्टी बंद पडली तर आतला धातू क्रुसिबलमध्येच गोठतो, आणि पुन्हा तापवताना तो फुगून क्रुसिबल फोडतो. बाबा आत गेले नाहीत तर ज्या भट्टीवर संपानंतर पोट चालणार तीच जाणार. आत गेले तर गेटवर फितूर म्हणून नाव पडणार. त्या आठवड्यात बाबा नीट जेवत नव्हते.

उत्तर शेवटी बाबांनीच दिलं. "भट्टीत धातू ठेवायचाच कशाला?" संपाआधीच्या शेवटच्या पाळीत सगळा धातू साच्यांत ओतून लाद्या करायच्या आणि भट्ट्या रिकाम्या ठेवून फक्त गरम राखायच्या. मग कंपनीला हवे होते तेवढे चौदा लोक लागत नाहीत. पाळीला एक फर्नेस ऑपरेटर, एक इलेक्ट्रिशियन, सांडपाणी प्रकल्पावर एक, प्रथमोपचार खोलीत एक. चार जण. उत्पादन शून्य. अण्णांनी हे लिहून दिलं आणि तीन अटी घातल्या. यादी दोघांनी मिळून करायची, त्यांना त्या पाळीचं पूर्ण वेतन मिळणार, आणि त्यांना दुसऱ्या कामाला लावायचं नाही. यादीवर युनियनची सही असली की आत जाणारा फितूर ठरत नाही.

तिसरी ओळ, एचआरशी संपर्क. यात अडचण अशी की प्रत्येक कामगार एकेकटा एचआरकडे गेला तर बोलणी होत नाहीत, दबाव होतो. दोघातिघांच्या घरी फोन गेलेही होते, "मुलाला समजवा" म्हणून. बोलण्याची जागा म्हणजे कंपनीकडून निर्णय घेऊ शकणारा एक माणूस, युनियनकडून ठरलेले प्रतिनिधी, रोजची एक वेळ, आणि वर समेट अधिकारी. पगाराच्या हिशेबाची शंका वेगळी, तिला वेगळा नंबर. दोन्ही एकाच खिडकीत घातलं की कपातीचं विचारायला गेलेल्या माणसालाच "संपावर जाणार का?" असं विचारलं जातं.

समेट २० तारखेला तडजोडीविना संपला. पुढचे सात दिवस म्हणजे २७ पर्यंत थांबायचं. मूळ नोटिशीचे साठ दिवस संपले नव्हते, म्हणून युनियननं नवी तारीख कळवली : २८ आणि २९. कंपनीची दुसरी नोटीस २२ ला लागली. या वेळी दोन पानं, मराठीत आणि हिंदीत. हिंदी अण्णांनी मागून घेतलं, कारण शॉपवर निम्मी पोरं बिहार-यूपीची आहेत. त्यात संपाच्या तारखा होत्या. गैरहजर दिवसाला एक दिवसाचं वेतन, भागिले २६, साप्ताहिक सुट्टी कापणार नाही. चार जागांची पाळीवार यादी. रोज दुपारी ४ वाजता बैठक आणि कोण बसणार त्यांची नावं. परत येताना कोणाकडूनही हमीपत्र लिहून घेणार नाही, हेही. हे शेवटचं महत्त्वाचं. कायदेशीर संपावरून परतणाऱ्याकडून "चांगल्या वर्तणुकीचं" हमीपत्र मागणं ही कायद्यानं अनुचित प्रथा आहे. पहिल्या नोटिशीनंतर सुपरवायझर तसला कागद फिरवायला लागला होता.

एक ओळ मात्र आम्हाला मिळाली नाही. हजेरी बोनसचं काय होणार, ते नोटिशीत लिहिलंच नाही. अण्णा म्हणाले, "बैठकीत बोलू." लिहून घ्यायला हवं होतं.

संप दोन दिवस झाला. २८ ला बाबा यादीप्रमाणे रात्रपाळीला आत होते, रिकाम्या भट्टीजवळ. २९ ला बाहेर, गेटवर चहा घेत. करार अजून झालेला नाही, ४ वाजताची बैठक मात्र चालू आहे.

परवा त्यांनी पगारपत्रकाचा फोटो पाठवला. गैरहजर दिवस : १. कपात : १,२०० रुपये. आणि खाली वेगळ्या ओळीत, हजेरी बोनस : शून्य.

बाबांनी लिहिलं होतं, "पहिली ओळ बरोबर आहे. दुसरीचं अण्णांना सांगितलंय, उद्या चारच्या बैठकीत घेतायत."

चला, भेटू पुढच्या भागात. तुमच्या घरी कोणाच्या गेटवर अशी नोटीस लागली असेल, तर आधी तारखा बघा, मग भागाकार, मग यादीवर सही कोणाची आहे ते.