झोपलेला पैसा
(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमातील भाषण)



बँकेत उभी हयात गेली, त्यामुळे सोसायटीतले जुने पासबुक शेवटी माझ्याच टेबलावर येते. मागच्या वर्षी शेजारच्या वहिनी असेच एक घेऊन आल्या. भाऊ गेल्यावर कपाट आवरताना सापडलेले. शेवटची नोंद ऑगस्ट 2011 ची. बँकेत विचारले तर म्हणे, "या नंबरचं खातं दिसत नाही." वहिनींनी पैसे बुडाले असेच धरले होते.

मी म्हटले, बुडाले नाहीत, झोपलेत. दोन वर्षांहून अधिक काळ खातेदाराने व्यवहार केला नाही, की खाते निष्क्रिय होते. बँकेने व्याज जमा केले, तो आपला व्यवहार धरत नाहीत. दहा वर्षे असेच गेले, तर बँक ती रक्कम रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण व जागरूकता निधीत भरते. पण हक्क आपलाच राहतो, आणि मागायचे आपल्या बँकेकडेच. रिझर्व्ह बँकेत खेटे घालायचे नाहीत.

भाऊंच्या खात्यातून 2021 साली व्याजासह 20,000 रुपये तिकडे गेले होते. तिथे सध्या 3 टक्के सरळ व्याज मिळते, म्हणजे वर्षाला 600. चार वर्षांचे 2,400 धरून वहिनींना 22,400 मिळाले. नॉमिनेशन होते, म्हणून मृत्यूचा दाखला, क्लेम फॉर्म आणि केवायसी एवढ्यावर काम झाले. खातेदार हयात असेल तर केवायसी देऊन खाते पुन्हा चालू करता येते. त्याला शुल्क नाही, आणि निष्क्रिय खात्यात किमान शिल्लक नाही म्हणून दंडही लावता येत नाही.

पासबुकच हरवले असेल, तर udgam.rbi.org.in वर नाव आणि पॅन किंवा जन्मतारीख घालून शोधा. तिथे फक्त पत्ता लागतो, पैसे शाखेतूनच.

मोबाइलमधल्या वॉलेटला मात्र मुदत असते, किमान एक वर्षाची. मुदत संपण्याआधी 45 दिवसांत कंपनीने कळवायला हवे. नंतरही शिल्लक मागितली तर ती बँक खात्यात द्यावी लागते. म्हणून तो मेसेज जाहिरात समजून पुसू नका.

खरा धोका दुकानाच्या गिफ्ट व्हाउचरचा. जे फक्त त्याच दुकानात चालते, त्याला रिझर्व्ह बँकेचे हे नियम लागू नाहीत. छापलेली तारीख उलटली, की सगळे दुकानदाराच्या मर्जीवर. लग्नात आलेले व्हाउचर "सणाला वापरू" म्हणून ठेवू नका. त्याच महिन्यात संपवा.

आणि आज घरी गेल्यावर एकच करा. सगळी खाती एका वहीत लिहा, प्रत्येकापुढे नॉमिनीचे नाव लिहा, आणि ती वही कुठे आहे ते घरच्यांना सांगा. भाऊंनी तेवढेच राहू दिले होते.